बोटीवरील अधिकाऱ्याचा बायोडेटा



आपल्या राहू परिसरातून सोलापूर रस्त्याने पुण्याकडे जाताना लोणी काळभोर लागते. तेथे व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी संस्था आहे. त्यामुळे आपली मुलेही या नोकरीची चौकशी करतात. या नोकरीचा बायोडेटा कसा लिहावा, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

हा बायोडेटा म्हणजे नोंदींचा उतारा असतो. त्यात आधी इंडॉस क्रमांक व सी.डी.सी. क्रमांक द्यावा. सी.डी.सी. ही खलाशाची नोंदपुस्तिका होय. बोटीवर चढल्याची व उतरल्याची तारीख तिच्यात शिक्क्यानिशी असते. भरती करणारी कंपनी बायोडेट्यातील प्रत्येक तारीख तिच्याशी ताडून पाहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, डी.एन.एस. झालेला एक मुलगा डेक कॅडेट म्हणून मालवाहू बल्क कॅरियरवर १२ जानेवारी २०२१ ला चढला व २० सप्टेंबरला उतरला. ही सेवा ८ महिने ९ दिवस झाली. पुढे कंटेनर जहाजावर ५ जानेवारी ते १५ नोव्हेंबर २०२२, म्हणजे १० महिने ११ दिवस. एकूण १८ महिने २० दिवस. त्याने "९ व ११, एकूण २० महिने" असे लिहिले, तर आकडा पुस्तिकेशी जुळणार नाही आणि बाकीच्या कागदांवरही संशय येईल. मधले साडेतीन महिने तो घरी होता, तर तसेच लिहावे. रिकामी जागा दडवू नये.

प्रत्येक बोटीपुढे तिचा प्रकार, ग्रॉस टनेज व आपले पद लिहावे. ग्रॉस टनेज व डेडवेट यांची गल्लत करू नये. पहिले बोटीच्या बंदिस्त जागेचे माप, दुसरे ती वाहू शकते त्या वजनाचे. इंजिनिअरने मुख्य इंजिनाचा प्रकार व किलोवॅट द्यावेत. टँकरवर काम केले असल्यास तेलाचा, रसायनाचा की वायूचा, हे स्पष्ट हवे, कारण त्यांची प्रमाणपत्रे वेगळी असतात.

पुढे सक्षमता प्रमाणपत्र येते. त्यावरील नाव व बोटीवरील पद एकच नसते. सेकंड मेटचे प्रमाणपत्र मिळालेला मुलगा आधी थर्ड ऑफिसर म्हणून लागतो. म्हणून दोन्ही वेगळे लिहावेत. प्रमाणपत्राचा क्रमांक व मुदतही द्यावी. दर ५ वर्षांनी त्याचे नूतनीकरण लागते आणि त्यासाठी सामान्यतः मागील ५ वर्षांत १२ महिन्यांची समुद्रसेवा दाखवावी लागते. तेव्हाही याच तारखा कामी येतात.

शेवटी एक सूचना. बायोडेटा फक्त जहाज महासंचालनालयाचा आर.पी.एस. परवाना असलेल्या कंपनीलाच द्यावा. तिला उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. पैसे घेऊन खोटी समुद्रसेवा दाखवून देतो, असे कोणी म्हणाले, तर मुलाची सी.डी.सी. त्याच्या हाती पडू देऊ नका.