वेळ वर्गमुळाने वाटा

दिलेल्या बिंदूंमधून जाणारी स्प्लाइन हा व्याख्यानाचा विषय होता, पण वक्त्यांचा आग्रह पहिल्याच वाक्यात कळला. रेषा फुगली किंवा तिला गाठ पडली की लोक बिंदू सरकवू लागतात. बिंदूंना हात लावू नका, आधी वेळापत्रक तपासा, असं त्यांचं म्हणणं. १९७४ची कॅटमल-रोम स्प्लाइन ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणत त्या पुढे सरकल्या.

एका बिंदूपासून पुढच्यापर्यंत पॅरामीटर किती वाढतो, ते हे वेळापत्रक. युनिफॉर्म पद्धतीत ही वाढ सगळीकडे सारखी, कॉर्ड-लेंग्थमध्ये अंतराइतकी, सेंट्रिपेटलमध्ये अंतराच्या वर्गमुळाइतकी असते. थांब्यांमधलं अंतर दहा किलोमीटर असो की एक, एसटीला वेळ तेवढाच दिला तर लांब टप्प्यावरचा वेग घेऊन ती छोट्या टप्प्यात शिरते आणि वळणावर बाहेर जाते. युनिफॉर्मचं असंच होतं.

मग फळ्यावर दहा बाय एकचा आयत आला आणि त्याने निम्मी संध्याकाळ खाल्ली. त्याच्या चारही कोपऱ्यांतून बंद कॅटमल-रोम रेषा न्यायची. युनिफॉर्मने एक एककाची बाजू १.२५ एकक बाहेर फुगते.

“मग कॉर्ड-लेंग्थ घ्या की!” पुढच्या रांगेतून आवाज आला, हशा पिकला. वक्त्या याचीच वाट पाहत होत्या. छोट्या बाजूचा फुगवटा ०.०२वर येतो खरा, पण लांब बाजू २.२७ एकक फुगते, म्हणजे आयताच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त. सेंट्रिपेटलने छोटी बाजू ०.१९ आणि लांब बाजू ०.६० फुगते.

“पण ०.६० हाही फुगवटाच ना?” कोणीतरी विचारलं. वक्त्यांचा आवाज जरा चढला. फुगवटा शून्य होईल असं आपण म्हटलंच नाही. तो प्रत्येक बाजूच्या लांबीच्या मानाने बेताचा राहतो, एवढाच दावा आहे.

गाठीसाठी त्यांनी चार बिंदू घेतले: (−१०, −१०), (०, ०), (१, ०), (११, −१०). युनिफॉर्मने मधल्या तुकड्यात रेषा (०.५, ०.५६)पाशी स्वतःलाच छेदते. सेंट्रिपेटलने तिथे जेमतेम ०.१४ उंचीचं साधं वळण मिळतं. हा योगायोग नाही. युक्सेल, शेफर आणि कीझर यांनी २०११च्या लेखात सिद्ध केलं की अंतराचा घातांक अर्धा असेल तरच त्रिघाती कॅटमल-रोमच्या तुकड्यात गाठ किंवा टोक न येण्याची हमी मिळते.

एवढ्यात वेळ संपल्याची चिठ्ठी आली आणि मर्यादा घाईत सांगाव्या लागल्या. हमी एकेका तुकड्यापुरती आहे. दोन वेगळे तुकडे एकमेकांना छेदू शकतात. वक्रताही सलग ठेवणाऱ्या त्रिघाती स्प्लाइनला ती लागू नाही. तिथे ली यांनी १९८९मध्ये वर्गमुळाचीच निवड सुचवली असली, तरी रेषा काढून तपासावीच लागते. उठता उठता कोणीतरी विचारलं, एकच बिंदू लागोपाठ दोनदा आला तर? अंतर शून्य, म्हणून शून्याने भागाकार, वक्त्या म्हणाल्या. असे बिंदू आधीच गाळा.