तिरप्या फलकाचे सरळ चित्र



गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले बोदलकसा गाव पुष्कळांना तिथल्या तलावामुळे ठाऊक आहे. धानाच्या या मुलुखात तलावाचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या बांधीला मिळणार, ही बातमी महत्त्वाची. समजा, अशी पाळीपत्रिका एखाद्या ओसरीवरच्या काचेच्या सूचनाफलकात लावली आहे. फलक चार फूट रुंद आणि तीन फूट उंच. समोर उभे राहून मोबाईलवर फोटो घ्यावा, तर काचेत आभाळाचा उजेड चमकतो आणि नेमक्या मधल्या ओळी पांढऱ्या होतात. मग माणूस काय करतो? चार पावले डावीकडे सरकतो आणि तिरपा फोटो काढतो. चमक जाते, पण फलक वाकडा येतो. शाळेतल्या पांढऱ्या फळ्याचेही असेच होते, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको.

हा वाकडा फलक पुन्हा सरळ कसा करायचा, ते आज पाहू. त्यासाठी ओपन सीव्ही नावाचे साधन आहे. इंटेल कंपनीत १९९९ साली त्याचे काम सुरू झाले आणि आज ते कोणालाही फुकट वापरता येते.

आधी वाकडेपणा कसला आहे, ते समजून घेऊ. आपल्या फोटोची रुंदी १६०० ठिपके आणि उंची १२०० ठिपके आहे असे धरा. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून करायची, आधी उजवीकडे किती आणि मग खाली किती. फलकाचा डावा वरचा कोपरा ४००, २३० वर आला. उजवा वरचा १११५, ३५५ वर. उजवा खालचा १११५, ८८५ वर आणि डावा खालचा ४००, १०३० वर. म्हणजे डावी कड ८०० ठिपके उंच आणि उजवी कड ५३०. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान. यात नवल नाही.

खरी गंमत मध्यभागी आहे. फलकाचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात, तिथेच खऱ्या फलकाचा मध्य असतो, कारण फोटोत सरळ रेघ सरळच राहते. हा छेद ८३० व्या ठिपक्याजवळ येतो. म्हणजे फलकाचा जवळचा अर्धा भाग ४३० ठिपक्यांत बसला आणि लांबचा अर्धा भाग अवघ्या २८५ ठिपक्यांत. म्हणून चित्र नुसते ताणून किंवा फिरवून भागत नाही. ताणले तर सगळीकडे सारखेच ताणले जाईल. आपल्याला तर लांबच्या बाजूला अधिक आणि जवळच्या बाजूला कमी ताण हवा आहे.

हा बदलता ताण आठ संख्यांत मांडता येतो. एक कोपरा दिला की दोन समीकरणे मिळतात, एक उजवीकडच्या अंतराचे आणि दुसरे खालच्या अंतराचे. चार कोपऱ्यांची आठ समीकरणे, आणि अज्ञात संख्याही आठ. म्हणून कोपरे चारच लागतात, तीन पुरत नाहीत. अट एवढीच की चारांपैकी कोणतेही तीन एका रेघेत नसावेत. समीकरणे सोडवण्याचे काम यंत्र करते. आपण लिहायचे ते असे:

```
import cv2
import numpy as np

img = cv2.imread("phalak.jpg")
src = np.float32([[400,230],[1115,355],[1115,885],[400,1030]])
dst = np.float32([[0,0],[1199,0],[1199,899],[0,899]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, M, (1200, 900))
cv2.imwrite("saral.png", out)
```

`src` म्हणजे फोटोतले कोपरे, `dst` म्हणजे ते जिथे जायला हवेत त्या जागा. शेवटून दुसऱ्या ओळीतली क्रिया उलट्या बाजूने चालते, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नव्या चित्रातल्या १० लाख ८० हजार ठिपक्यांपैकी प्रत्येकाला ती जणू विचारते, ‘बाबा, तू जुन्या फोटोत कुठे होतास?’ उत्तर दोन ठिपक्यांच्या अधेमधे आले, तर शेजारच्या चार ठिपक्यांचे रंग योग्य प्रमाणात मिसळून घेते. त्यामुळे नव्या चित्रात भोके राहत नाहीत.

आता १२०० आणि ९०० हे आकडे कुठून आले? पुष्कळ ठिकाणी अशी रीत सांगतात की फोटोतल्या समोरासमोरच्या दोन कडांपैकी जी लांब, तिचे माप घ्यावे. आपल्या फलकावर करून पहा. वरची कड सुमारे ७२६, खालची ७३०. म्हणून रुंदी ७३०. उंची ८००. झाले! चार फूट रुंद फलक उभा, अरुंद होऊन बसला. कोपरे चौकोनी, कडा सरळ, पण अक्षरे दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी. तिरप्या फोटोत रुंदी आखडलेली असते आणि ही रीत त्या आखडलेल्या मापावरच विश्वास ठेवते. माझ्या मते फूटपट्टी बरी. फलक चारास तीन आहे ना? मग १२०० आणि ९०० घ्या. मोजता येत नसेल, तर फलकावरचा एखादा गोल शिक्का पहा. तो लंबगोल दिसला तर माप चुकले.

दुसरी चूक क्रमाची. दोन्ही याद्यांत कोपरे त्याच क्रमाने हवेत: डावा वरचा, उजवा वरचा, उजवा खालचा, डावा खालचा. दोन शेजारचे कोपरे अदलाबदल झाले, तर चित्र मध्येच पिळल्यासारखे होते. सारा क्रमच उलट्या दिशेने फिरला, तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येतात. यंत्र मात्र कसलीच तक्रार करत नाही. म्हणून उलट्या क्रमासाठी अक्षरे वाचून पाहावीत, आणि शेजारच्या कोपऱ्यांच्या अदलाबदलीसाठी कर्णांच्या छेदाने ताळा घ्यावा. फोटोतला ८३०, ६२४ हा बिंदू नव्या चित्रात ६००, ४५० च्या आसपास पडला पाहिजे.

तिसरी चूक फार साधी आणि फार वेळा होणारी. कोपऱ्यांची मापे मूळ फोटोवर मोजायची आणि प्रोग्रॅमला द्यायचा तो निरोपातून आलेला, आकाराने लहान झालेला फोटो. मग मापे फलकाच्या बाहेर पडतात. ज्या फोटोवर मोजले, तोच द्यावा. फाइलचे नाव देवनागरीत असले, तर विंडोजवर `imread` ला ती बहुधा उघडता येत नाही, आणि ती प्रोग्रॅम न थांबवता रिकामे हात परत येते. म्हणून वर नाव रोमन ठेवले आहे.

एवढे करूनही काही गोष्टी या गणिताच्या हाती नाहीत. हे सारे एका सपाट पृष्ठापुरतेच खरे आहे. कागद ओलीने फुगून वर आला असेल, तर तेवढ्या ओळी वाकड्याच राहतील. फलकाची पुढे आलेली चौकट आणि टाचण्याही तिरप्याच दिसतील. म्हणून कोपरे घेताना चौकटीचे बाहेरचे टोक घेऊ नये, कागद लावलेल्या पाटीचे घ्यावे, आणि फूटपट्टीही त्याच पाटीला लावावी. आणि उजव्या कडेला कॅमेऱ्याने ५३० ठिपकेच टिपले होते. ते ९०० वर पसरले तरी नवे अक्षर जन्माला येत नाही. तिथली बारीक अक्षरे मोठी होतील, पण धूसर राहतील. शेवटच्या रकान्यात तारखा असतील, तर आणखी एक फोटो उजव्या बाजूने काढावा, आणि त्याचे चार कोपरे पुन्हा नव्याने मोजावेत.