दरफलकाची सुबक नक्कल

(बचत गटांच्या उपाहारगृहांतील हिशेब लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उपाहारगृहाचे दरपत्रक हे डोळ्यांसाठी मांडलेले असते. गिऱ्हाईक वरचा मथळा पाहते, पदार्थाचे नाव वाचते आणि उजवीकडच्या दोन रकान्यांतील आकडा उचलते. त्याला ते सहज समजते. मात्र तेच पत्रक हिशेबाच्या वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात उतरवावयाचे झाले, की पत्रकाची मांडणी उपयोगी पडत नाही. वहीतील ओळ एकटी वाचली तरी तिचा अर्थ पूर्ण लागला पाहिजे. कारण देयक करताना एकच ओळ उचलली जाते. तिच्यावरचा मथळा तिच्याबरोबर येत नाही.

म्हणून नियम एकच : एक ओळ, एक विक्री, एक किंमत. प्रत्येक ओळीत विभाग, पदार्थ, प्रमाण आणि किंमत ही चार अंगे याच क्रमाने असावीत व त्यांच्यामध्ये उभी रेघ असावी. स्वल्पविराम वापरू नये, कारण तो पदार्थाच्या नावातही येऊ शकतो.

उदाहरणादाखल एक छोटे पत्रक घेऊ. ‘भाज्या’ या मथळ्याखाली हाफ आणि फुल असे दोन रकाने आहेत. शेवभाजी ८० व १३०. पिठले, हाफच्या जागी आडवी रेघ व फुल ९०. भरली वांगी ९० व १५०. खाली ‘भाकरी-पोळी’ या मथळ्याखाली ज्वारी/बाजरी भाकरी २५ व चपाती १५ असा एकच दर आहे. त्याची नक्कल अशी होते :

भाज्या | शेवभाजी | हाफ | ८०
भाज्या | शेवभाजी | फुल | १३०
भाज्या | पिठले | फुल | ९०
भाज्या | भरली वांगी | हाफ | ९०
भाज्या | भरली वांगी | फुल | १५०
भाकरी-पोळी | ज्वारी भाकरी | नग | २५
भाकरी-पोळी | बाजरी भाकरी | नग | २५
भाकरी-पोळी | चपाती | नग | १५

पत्रकात पदार्थांच्या ओळी पाच होत्या, नकलेत आठ झाल्या. तिरक्या रेघेने जोडलेल्या दोन भाकरी वेगळ्या कराव्या लागल्या, कारण स्वयंपाकघराला कोणती थापावयाची ते कळले पाहिजे. पिठल्याची मात्र एकच ओळ झाली. हाफची ओळ लिहून पुढे शून्य टाकणे चूक होय. शून्याचा अर्थ ‘फुकट’ असा होतो, ‘मिळत नाही’ असा नव्हे.

सर्वांत घातक चूक या आडव्या रेघेमुळेच घडते. पुष्कळ लोक आधी सर्व नावे उतरवतात, मग हाफचा रकाना वरून खाली आणि त्यानंतर फुलचा रकाना. आडवी रेघ किंमत नाही म्हणून ती गाळली जाते. मग ८० च्या खालचे ९० पिठल्यासमोर जाऊन बसतात आणि भरल्या वांग्यांना हाफचा दर उरत नाही. गिऱ्हाइकाने हाफ वांगी मागितली, तर वाढप्याला तो दर सापडत नाही आणि तो फुलचे १५० लावतो. नव्वदाच्या पदार्थासाठी साठ रुपये जादा घेतले जातात व तक्रार गल्ल्यावर बसलेल्या भगिनीला ऐकावी लागते.

ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. पिठल्याचे हाफ आणि फुल सारखेच, ९०, दिसू लागतात. हाफ हे फुलइतके किंवा त्याहून अधिक दिसले, की रकाना सरकला असे समजावे. कच्च्या नकलेत आडवी रेघही लिहून घ्यावी आणि रकान्याऐवजी ओळीने, डावीकडून उजवीकडे उतरवावे, म्हणजे ती चूक मुळातच होत नाही.

दुसरी सावधगिरी हाफच्या किमतीविषयी. फुलच्या निम्मे म्हणजे हाफ, असे गणित कोणी करू नये. शेवभाजीचे निम्मे ६५ होतात, पण हाफचा दर ८० आहे. पत्रकात नसलेला आकडा नकलेत येता कामा नये. एखाद्या पदार्थापुढे दोन रकान्यांच्या मधोमध एकच आकडा असेल, तर प्रमाणाची जागा रिकामी ठेवून ‘विचारणे’ असे लिहावे आणि दर ठरविणाऱ्यांना विचारूनच ती भरावी.

शेवटी पडताळा. हाफच्या ओळींची बेरीज १७०, फुलची ३७०, नगांची ६५. आता मूळ पत्रकावरून हाफ आणि फुल हे रकाने स्वतंत्रपणे बेरजेला घ्यावेत. तेथेही १७० व ३७० यावयास हवेत. नगांची बेरीज मात्र पत्रकावर ४० च येईल, कारण तेथे भाकरीचा दर एकदाच छापला आहे. पंचवीसचा हा फरक कोठून आला ते सांगता आले, तर नक्कल बरोबर. सांगता आले नाही, तर एखादी ओळ गळली किंवा दोनदा आली. बेरीज जुळूनही दोन पदार्थांच्या किमतींची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून अखेरीस एकाने पत्रक मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने नकलेतील ओळीवर खूण करावी. तेवढे झाले, की वही गल्ल्यावर ठेवण्यास हरकत नाही.