पेलाभर दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



दुधाचा कस त्याच्या सायीवरून ठरविण्याची आपल्या खेड्यांतील रीत जुनी आहे. सायीचा जाड थर धरला की दूध उत्तम, पातळ धरला की मध्यम, आणि मुळीच धरला नाही तर ते दूध नव्हे, पाणी, असा निकाल घरोघरी दिला जातो. आरोग्यविज्ञानाच्या धड्यात ‘दूध पूर्णान्न आहे’ एवढे वाक्य पाठ करून घेतले की ही समजूत जशीच्या तशी राहते. ती कितपत खरी आहे, हे एकेका पेल्याच्या हिशेबाने पाहणे बरे.

पेला २०० मिलिलिटरचा धरू. म्हशीच्या दुधाच्या अशा पेल्यात स्निग्धांश १२ ते १४ ग्रॅम असतो आणि प्रथिने सुमारे साडेसात ग्रॅम असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश सुमारे ८ ग्रॅम आणि प्रथिने साडेसहा ग्रॅम. शहरांत व आता खेड्यांतही पिशवीतून मिळणाऱ्या टोन्ड दुधात कायद्याने स्निग्धांश शेकडा ३ असावा लागतो, म्हणजे पेल्याला ६ ग्रॅम, आणि प्रथिने सहा ते साडेसहा ग्रॅम. यंत्राने सर्व मलई काढलेल्या दुधात, ज्याला स्किम्ड दूध म्हणतात, स्निग्धांश पेल्याला एका ग्रॅमपेक्षा जास्त नसतो. प्रथिने मात्र साडेसहा ते सात ग्रॅम राहतात. गुरांची जात, चारा व वेतानंतरचा काळ यांप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतात.

हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले म्हणजे एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. स्निग्धांशाचा स्तंभ चौदावरून एकाच्या खाली उतरतो. प्रथिनांचा स्तंभ जेमतेम एका ग्रॅमने हलतो. याचे कारण साधे आहे. स्निग्धांश दुधात बारीक थेंबांच्या रूपाने तरंगत असतो. तो हलका असल्याने वर येतो आणि यंत्रात दूध वेगाने फिरविले की तो जवळजवळ सगळा वेगळा होतो. प्रथिने, दुग्धशर्करा व कॅल्शियम ही मात्र खालच्या पाणीदार भागातच राहतात. साय काढली म्हणून ती जात नाहीत. मुलाच्या स्नायूंची आणि हाडांची वाढ ज्यांवर होते, ती द्रव्ये सायीखालच्या त्या ‘पाण्यात’ असतात.

टोन्ड दुधाची कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. दारा खुरोडी यांनी ती मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी पुढे आणली आणि १९४६ साली असे दूध प्रथम तयार झाले. म्हशीच्या दुधाचा स्निग्धांश मुळात जास्त. तोच अधिक दुधात वाटला, तर अधिक मुलांना दूध पुरते. परंतु तो कसा वाटावयाचा यातच सारे आहे, म्हणून हा हिशेब वरच्या वर्गात जरूर करून घ्यावा.

एक लिटर म्हशीचे दूध घेतले. त्यात स्निग्धांश ६० ग्रॅम व प्रथिने ३७ ग्रॅम धरू. त्यात मलईरहित दुधाची ८० ग्रॅम पूड आणि दोन लिटर पुरे होईल इतके पाणी मिळविले. या पुडीच्या वजनात शेकडा ३५ इतकी प्रथिने असतात, म्हणून तिच्याबरोबर २८ ग्रॅम प्रथिने आली. एकूण ६५ ग्रॅम झाली. दहा पेल्यांत ती वाटली की पेल्याला साडेसहा. स्निग्धांश ६० ग्रॅमचा दहा पेल्यांत ६ ग्रॅम. हे झाले टोन्ड दूध.

आता पूड वगळावी आणि लिटरभर दुधात लिटरभर पाणीच ओतावे. स्निग्धांश पूर्वीप्रमाणेच पेल्याला ६ ग्रॅम येईल. पण प्रथिने ३७ भागिले १०, म्हणजे पेल्याला अवघी ३.७ ग्रॅम. कॅल्शियमही मूळच्या निम्मे. केवळ स्निग्धांश तपासणाऱ्यास हे दोन्ही पेले सारखेच दिसतील. पिणाऱ्या मुलाच्या दृष्टीने त्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. ज्या घरी दूध संकलन केंद्रावर जाते आणि मुलांसाठी राखलेले अर्धा लिटर पाणी घालून पाच पेले केले जाते, तेथे आईची समजूत ‘प्रत्येकाला पेलाभर दूध दिले’ अशीच असते. खरे पाहता प्रत्येकाला अर्धा पेला मिळालेला असतो. पाण्याने दुधातले काही नाहीसे होत नाही, हे खरे. पण पेल्याचा हिशेब मात्र चुकतो.

पाणी ओळखण्यास लॅक्टोमीटर कामी येतो. म्हशीच्या निर्भेळ दुधात तो साधारण ३० ते ३२ अंश दाखवितो, गाईच्या दुधात २८ ते ३०. निम्मे पाणी घातलेल्या दुधात तो सोळाच्या आसपास खाली जातो, पूड घातलेल्या टोन्ड दुधात तीसच्या जवळ राहतो. येथे एक मेख आहे. स्निग्धांश पाण्याहून हलका असल्याने तो काढून घेतला की अंश वाढतात. मलईरहित दुधात ते ३४-३५ पर्यंत जातात. म्हणून आधी साय काढून मग बेताचे पाणी घातले, तर लॅक्टोमीटर निर्भेळ दुधाचाच आकडा दाखवितो. साखर किंवा मीठ घातले तरी तो फसतो, आणि दूध कोमट असले तर अंश कमी भरतात. यासाठी संकलन केंद्रावर स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन पदार्थ असे दोन्ही आकडे पाहतात व दोहोंवर दर ठरवितात. पालकाच्या हाती येणाऱ्या पावतीवर हे दोन्ही आकडे असतात. ती वर्गात आणवून वाचून घेतल्यास गणिताचा एक तास चांगला जाईल.

एवढ्यावरून मलईरहित दूधच सर्वांना द्यावे, असे मात्र कोणी समजू नये. म्हशीच्या दुधाच्या पेल्यातून मिळणाऱ्या उष्मांकांच्या सुमारे एक तृतीयांशच मलईरहित पेल्यातून मिळतात, आणि स्निग्धांशाबरोबर अ जीवनसत्त्वही निघून जाते. वरून अ व ड जीवनसत्त्वे मिळविलेले दूध अलीकडे मिळते. तसे असल्यास पिशवीवर छापलेले असते. ज्याच्या ताटात भाकरीखेरीज तेलातुपाचा थेंब क्वचितच पडतो, अशा हडकुळ्या मुलाला सायीसकट दूधच हवे. दोन वर्षांखालील बालकाला तर मलईरहित दूध देऊच नये. याउलट, तूप करण्यासाठी साय काढून उरलेले दूध जनावरापुढे ठेवणे ही मोठी नासाडी होय. घरी हाताने साय काढलेल्या दुधात बराच स्निग्धांश शिल्लक असतो, तो यंत्राने काढलेल्या दुधाइतका कमी होत नाही. आणि प्रथिने तर जवळपास पूर्ण असतात.

हे मुलांना डोळ्यांनी दाखविता येते. साय काढलेल्या एकाच दुधाचे दोन पेले घ्यावेत. एक तसाच, दुसरा अर्धे दूध व अर्धे पाणी असा. दोन्ही वेगवेगळे उकळून लिंबू पिळावे, नासले की स्वच्छ फडक्यांतून गाळून सारखेच दाबावे. दुसऱ्या फडक्यातील गोळा पहिल्याच्या सुमारे निम्मा भरतो. साईचे व बिनसाईचे दूध मात्र या रीतीने तोलून ताडू नये. साईच्या दुधाच्या गोळ्यात स्निग्धांशही अडकतो, त्यामुळे तो जड भरतो, आणि त्यात प्रथिने फार आहेत असा जुनाच ग्रह मुले नव्याने करून घेतात.