इंजेक्शनाआधीचा आकडा

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला थकवा येतो, इच्छा मंदावते, चिडचिड वाढते. कुणीतरी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल सुचवतं. हे औषध सुरू करण्याआधी प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तपासून घ्यावी लागते. ती कशी आणि कशासाठी, एवढंच आज सांगतो.

चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदांनी १९४१ साली दाखवून दिलं, की पुरुषी संप्रेरक काढून घेतलं तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. यातूनच एक धास्ती निघाली. संप्रेरक काढल्यावर जो रोग मागे हटतो, तो शरीरात दडून बसलेला असला आणि आपण बाहेरून संप्रेरक दिलं, तर? म्हणून आधी बघायचं.

बघायचे मार्ग दोन. पहिला, पीएसए नावाची रक्ततपासणी. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन. दुसरा, डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटानं ग्रंथी चाचपतात. ती मऊ आणि दोन्हीकडे सारखी लागते, की कुठे कडक गाठ आहे, हे बोटाला कळतं. ही तपासणी मिनिटभराची. पण आपली माणसं लाजतात आणि 'रक्त घ्या, ते नको' म्हणतात. मात्र काही कर्करोगांत पीएसए वाढतच नाही. गाठ लागली, तर रक्ताचा आकडा चांगला असूनही औषध थांबवून मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावं लागतं.

माझ्या एका स्नेह्यांची हकिगत सांगतो. वय ५४. सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासलेलं टेस्टोस्टेरॉन कमीच निघालं. औषध ठरलं, पण पीएसए आला ५.२. साधारणपणे ४च्या वर, आणि वडिलांना किंवा भावाला हा रोग झालेला असेल तर ३च्या वर आकडा गेला, की आधी तज्ज्ञांचा सल्ला घेतात. स्नेही हादरले. मला म्हणाले, "भाई, संपलं सगळं." तज्ज्ञांनी विचारलं, "लघवीला जळजळ होते का?" होत होती. लघवीत जंतुसंसर्ग सापडला. त्यावर उपचार झाले, सहा आठवडे थांबून पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा २.२. बोटाच्या तपासणीत ग्रंथी थोडी मोठी, पण मऊ. मग जेल सुरू झालं.

संसर्गानं आकडा वाढतो, तसा तो आदल्या एक-दोन दिवसांतल्या वीर्यस्खलनानं किंवा सायकलच्या लांब रपेटीनंही वाढू शकतो. उलट, मोठ्या झालेल्या प्रोस्टेटसाठी किंवा टक्कल पडू नये म्हणून घेतलेली फिनास्टेराइडची गोळी काही महिन्यांत हा आकडा जवळजवळ निम्मा करते. अशा माणसाचा २.२ हा खरा ४.४ समजायचा. गोळी केसांची आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलीच नाही, तर कागदावर सगळं ठीक दिसतं.

पहिल्या आकड्याची खरी गरज पुढे कळते. टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर पीएसए थोडा वाढतोच, कारण संप्रेरकावाचून मंदावलेली ग्रंथी पुन्हा काम करू लागते. तीन महिन्यांनी स्नेह्यांचा आकडा २.७ झाला. वाढ अर्ध्याची, काळजीचं कारण नव्हतं. तोच ३.८ झाला असता तर? तो ४च्या आतच आहे, पण २.२ पासून मोजला तर वाढ १.६ची. पहिल्या वर्षात १.४ हून अधिक वाढ झाली आणि फेरतपासणीतही ती टिकली, तर तज्ज्ञांकडे पाठवतात. सुरुवातीचा आकडाच नसेल, तर हा ३.८ कुठून आला, हे कुणाला सांगता येणार?

आता कुणी म्हणेल, या औषधानं कर्करोग होत नाही असं सिद्ध झालंय ना? २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच हजारांवर पुरुष होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत आणि नुसतं जेल लावणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण कमीच होतं, त्यात ठळक फरकही नव्हता. मात्र त्या चाचणीत ३च्या वर पीएसए असलेल्यांना प्रवेशच नव्हता. म्हणजे हा दिलासा आधी तपासून घेतलेल्यांपुरता आहे, आणि तोही काही वर्षांच्या निरीक्षणाचा.

पीएसए कमी आला म्हणजे कर्करोग नाहीच, असंही नाही. टेस्टोस्टेरॉन फार कमी असलेल्यांत तो मुळातच खाली असू शकतो. म्हणून औषध सुरू झाल्यावर तीन महिने ते वर्षाच्या आत पुन्हा तपासणी करतात. पहिला कागद तेव्हा सोबत न्यावा, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही. केसांच्या गोळीसकट.