व्हॅनवाल्या काकांना ‘आठवडाभर येणार नाही’ हे कसं सांगायचं?

आजचा भाग एका मेसेजबद्दल आहे. घरातलं शाळकरी पोर आठवडाभर गावाला जाणार असेल, तर शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना काय कळवायचं, कधी कळवायचं आणि ‘परत कधीपासून’ हे कसं लिहायचं. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण अजून आईबाबा झालेले नसतील, पण घरातला मोबाईलवाला माणूस म्हणून दादाच्या मुलीसाठी किंवा ताईच्या मुलासाठी हा मेसेज टाईप करायचं काम तुमच्याकडेच येतं. माझ्याकडेही येतं.

आधी व्हॅन कशी चालते ते बघू. मानखुर्दमधली रोजची सकाळ घ्या. एक ईको गाडी लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी, महाराष्ट्र नगर अशी वेगवेगळ्या ठिकाणची पोरं गोळा करते आणि सायन-पनवेल हायवेवरून चेंबूरच्या शाळेकडे निघते. प्रत्येक बिल्डिंगखाली थांबायला काकांकडे एक-दोन मिनिटं असतात. पोर खाली दिसलं नाही की हॉर्न, मग मिस्ड कॉल, मग दुसरा कॉल. तुम्ही तेव्हा कोकणातल्या घरी गणपतीची आरती करताय आणि फोन आत चार्जिंगला लावलाय. इकडे पाच मिनिटं गेली. मानखुर्दच्या सिग्नलला तेवढी पाच मिनिटं म्हणजे कधीकधी पुढची पंधरा. उशीर तुमच्या पोराला होत नाही, ते गावाला आहे. गाडीतल्या बाकीच्या सगळ्यांना होतो.

पण सकाळचा उशीर ही छोटी गोष्ट. खरी भानगड दुपारी असते. बहुतेक व्हॅनवाले दुपारची मोजणी सकाळच्या आकड्यावरून करतात. सकाळी बारा आणली, तर दुपारी बारा भरायची. सकाळी अकरा, तर दुपारी अकरा. आकडा जुळला की दरवाजा बंद, गाडी निघाली. शाळेच्या गेटवर एकाच वेळी इतकी गर्दी असते की याहून सोपी पद्धत त्यांच्याकडे नाही. ही मोजणी डोक्यात ठेवा, कारण आठवड्यानंतरचा पहिला दिवस हिच्यामुळेच फसतो. तिकडे येऊच.

आता शब्दांकडे. आपण सहज लिहितो, ‘काका, स्वरा आठवडाभर येणार नाही.’ मराठीत आठवडा म्हटलं की आपण बोलताना ‘आठ दिवस’ म्हणतो, मोजले तर सात भरतात आणि शाळेचे दिवस त्यात पाच किंवा सहाच. काकांनी कुठून कुठपर्यंत मोजायचं?

दुसरा शब्द ‘पर्यंत’. ‘सोमवारपर्यंत येणार नाही.’ म्हणजे सोमवारी येणार की मंगळवारी? प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही चूक पाठ असते. शेवटचा आकडा मोजायचा की सोडायचा, यावर आमचे अर्धे बग निघतात. इथे त्याच चुकीमुळे एक पोर पाठीवर दप्तर घेऊन बिल्डिंगखाली उभं राहतं आणि गाडी येतच नाही.

तिसरा ‘परवा’. मराठीत परवा म्हणजे होऊन गेलेलाही दिवस आणि येणाराही. आपल्याकडे बरेच ड्रायव्हर हिंदी बोलणारे असतात, आणि हिंदीत तर ‘कल’सुद्धा दोन्हीकडे चालतो. त्यात व्हॉइस नोट असेल तर अजून गंमत. तुम्ही रात्री अकराला म्हणालात ‘उद्यापासून नाही’, काकांनी ती सकाळची फेरी झाल्यावर दहाला ऐकली. त्यांचा ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकला.

म्हणून नियम एकच. उद्या, परवा, पुढचा सोमवार, आठवडाभर, पर्यंत हे शब्द मेसेजमध्ये नकोत. वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही अशासाठी की टाईप करताना एक चुकलं तर ते दुसऱ्याशी जुळत नाही आणि काका लगेच विचारतात. नुसती तारीख चुकली तर कुणाच्या लक्षात येणार?

एक उदाहरण पूर्ण सोडवू. २०२५ चा गणेशोत्सव घ्या. गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. गौरी आवाहन रविवारी, ३१ ऑगस्टला. अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला. समजा महाराष्ट्र नगरमधलं एक कुटुंब गौरीसाठी ३० तारखेच्या शनिवारी रात्री गावी निघालं. घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणून रविवारी ७ तारखेला परत. पोरगी दुसरीत. शाळा सोमवार ते शनिवार, शनिवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी, आणि शुक्रवारी ५ तारखेला कॅलेंडरमध्ये ईदची सुट्टी. म्हणजे खरं तर चारच दिवस बुडणार, पण व्हॅनच्या दृष्टीनं पूर्ण आठवडा रिकामा.

मेसेज असा लिहिता येईल:

‘नमस्कार काका. स्वरा, दुसरी ब, महाराष्ट्र नगर स्टॉप. सोमवार १ सप्टेंबर ते शनिवार ६ सप्टेंबर व्हॅनने येणार नाही, सकाळी पण नाही आणि दुपारी पण नाही. सोमवार ८ सप्टेंबरला सकाळी नेहमीच्या वेळेला खाली उभी असेल. मिळाला की ओके पाठवा.’

बघा यात काय आहे. आधी पोरीचं नाव, वर्ग आणि स्टॉप, कारण काकांच्या दोन फेऱ्यांमध्ये दोन स्वरा असू शकतात आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे ‘स्वरा पप्पा’ नावानं सेव्ह असेलच असं नाही. मग न येण्याचा पहिला आणि शेवटचा दिवस. मग दुपारचा वेगळा उल्लेख, कारण नाहीतर गेटवर कुणीतरी तिला शोधत बसेल. मग येण्याचा पहिला दिवस, वेगळ्या वाक्यात. ‘६ पर्यंत नाही’ एवढं लिहून पुढचं काकांना ओळखायला लावायचं नाही. शेवटी ओके मागितला आहे. निळी टिक म्हणजे मेसेज उघडला, लक्षात ठेवला असं नाही.

काका हिंदी वाचत असतील तर सरळ हिंदीत लिहा: ‘सोमवार १ सितंबर से शनिवार ६ सितंबर तक नहीं आएगी। सोमवार ८ सितंबर को सुबह आएगी।’ इथे ‘तक’ चालतो, कारण लगेच पुढच्या वाक्यात यायचा दिवस आहे.

कधी पाठवायचा? आदल्या दिवशी, दुपारची फेरी संपल्यावर आणि रात्री फार उशीर व्हायच्या आत. आपल्या उदाहरणात शनिवारी संध्याकाळी, गाडीत बसायच्या आधी. सोमवारी पहाटे साडेसहाला पाठवलात तर काका एकतर बघणार नाहीत, नाहीतर चालत्या गाडीत बघतील. दुसरी गोष्ट जास्त वाईट.

कुणाला पाठवायचा? इथे बरेच जण गोंधळतात. व्हॅनचा मालक एक, गाडी चालवणारा दुसरा, पोरांना उतरवून घेणाऱ्या ताई तिसऱ्या, असं बऱ्याचदा असतं. महिन्याचे पैसे मालकाला जातात म्हणून आपण मालकाला कळवतो, आणि तो त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर असतो. तुमच्या बिल्डिंगखाली जो थांबतो त्याला मेसेज गेलाच पाहिजे, मालकाला त्याचीच कॉपी. आणि शाळेला रजेचा अर्ज दिला म्हणजे व्हॅनला कळलं असं अजिबात समजू नका. वर्गशिक्षिकांची वही आणि काकांचा फोन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग व्हॅनच्या ग्रुपवरच टाकला तर? टाकू नका. त्या ग्रुपवर वीस-पंचवीस घरांचे लोक आहेत, काही नंबर तर दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्यांचे. ‘आम्ही १ ते ७ गावाला’ म्हणजे आमचं घर अमुक दिवस बंद आहे, ही खबर. काकांना पर्सनल मेसेज पुरतो, आणि त्यातही कारण सांगायची गरज नाही. पोर आजारी असेल आणि आजार पसरणारा असेल, गोवर किंवा कांजिण्या, तेव्हा मात्र कारण जरूर सांगा. ती गाडी छोटी असते, पोरं एकमेकांना खेटून बसतात.

पैशाचा विषय याच मेसेजमध्ये घालू नका. महिन्याची रक्कम साधारणपणे जागेची असते, फेऱ्यांची नाही, म्हणून आठवड्याचे पैसे सहसा वजा होत नाहीत. बोलायचं असेल तर वेगळं बोला. नाहीतर पैशावरून बोलणं वाढतं आणि ८ तारीख वर स्क्रोल होऊन जाते.

आता त्या ८ तारखेचं काय झालं ते ऐका. त्या वर्षी ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी असल्यामुळे मुंबईत ईदचा जुलूस ८ तारखेला काढायचं मुस्लिम समाजानं ठरवलं. त्यावरून राज्य सरकारनं मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यासाठी ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार ५ वरून सोमवार ८ सप्टेंबरला नेली, आणि हे जाहीर झालं त्याच आठवड्यात. म्हणजे आपल्या कुटुंबानं शनिवारी पाठवलेला अगदी नीट मेसेजसुद्धा गावाला बसल्या बसल्या चुकीचा झाला. ५ तारखेला कामाचा दिवस, ८ ला सुट्टी, आणि पोरगी येणार मंगळवारी ९ तारखेला.

यात कुणाची चूक नाही. पण यातून एक गोष्ट कळते. परत येण्याची तारीख हा अंदाज असतो. सुट्टी सरकते, कोकणातून येणारी गाडी लेट होते, पोराला प्रवासात ताप येतो. म्हणून दुसरा, छोटा मेसेज लागतोच, यायच्या आदल्या संध्याकाळी. आधी शाळेची सूचना बघायची, मग लिहायचं: ‘काका, सोमवारी ८ ला शाळेला सुट्टी आहे. स्वरा मंगळवार ९ सप्टेंबरला सकाळी येईल.’ हा मेसेज तारीख बदलली नसली तरी पाठवा. आठवडाभर एका स्टॉपवर न थांबायची सवय लागली की गाडी तिथून सरळ पुढे जाऊ शकते.

आणि आता ती मोजणी. पहिल्या दिवशी हमखास काय होतं? प्रवासाचा शीण, पोर उठत नाही, व्हॅन चुकते, बाबा रिक्षानं शाळेत सोडतात. घरच्यांना वाटतं, दुपारी व्हॅन आहेच. काकांचा सकाळचा आकडा मात्र अकरा. दुपारी अकरा भरले, गाडी निघाली आणि तुमची पोरगी गेटवर उभी. तेव्हा सकाळी सोडायला जाताना रिक्षातूनच काकांना फोन करा: ‘आज आम्ही सोडलंय, दुपारी तुम्ही घ्यायचंय, बारा मोजा.’ ती गाडी चालवत असतील म्हणून फोन उचलला गेला नाही, तर शाळा भरल्यावर पुन्हा करा, आणि उत्तर येईपर्यंत ठरलं असं धरू नका. तोपर्यंत शाळेच्या ऑफिसलाही सांगून ठेवा की व्हॅनमध्ये बसल्याशिवाय तिला गेटबाहेर सोडू नका.

तर मंडळी, जायच्या आधी एक मेसेज, यायच्या आदल्या संध्याकाळी एक, आणि पहिल्या दिवशी बेत बदलला तर फोन. तुमच्या व्हॅनवाल्या काकांची मोजायची पद्धत वेगळी असेल तर त्यांना विचारून मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. चला, भेटू.