'कसा वाटला लोगो?' या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही



मी धारवाडला राज्यशास्त्र शिकतो. आज राजकारणावर बोलणार नाही, एका पोस्टबद्दल बोलणार आहे. आमच्या वाचनगटानं नवा लोगो केला: उघडं पुस्तक आणि खाली गटाचं नाव. तो टाकताना मी लिहिलं, "आपला नवा लोगो! कसा वाटला, नक्की सांगा." ११२ लाईक आले, २९ कमेंट आल्या. मस्त, एक नंबर, भारीच. आम्ही खूश. वर्गणीतून ४५० रुपये काढून रबरी शिक्का करून आणला. कागदावर उठवला, तर पुस्तकाच्या जागी काळा डाग! पानांच्या बारीक रेघांत शाई भरली होती.

तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अरे, मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं रेघा फार बारीक आहेत. पण सगळे मस्त म्हणत होते, मी एकटीनं कशाला खोडा घालायचा?" चूक तिची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. 'कसा वाटला' असं विचारलं की माणूस लोगो बघत नाही, आपली मैत्री सांभाळतो.

आपल्या हुबळीच्या बेंगेरीत राष्ट्रध्वज तयार होतात. तिथं 'झेंडा छान दिसतो का' असं विचारून भागत नाही. लांबी-रुंदी ३:२ आहे का, चक्रात २४ आरे आहेत का, हे बघावं लागतं. लोगोलाही असेच बघता येण्याजोगे प्रश्न हवेत. मग मी पोस्ट पुन्हा लिहिली, ती अशी:

"हा लोगो तीन ठिकाणी वापरायचा आहे: व्हॉट्सअॅपचा गोल डीपी, एका रंगाचा शिक्का आणि कार्यक्रमाचा बॅनर. तिन्ही चित्रं खऱ्या मापात खाली दिली आहेत. नाव बदलणार नाही. चित्र, रेघांची जाडी आणि अक्षरं बदलू शकतात. इतरांच्या कमेंट वाचण्याआधी यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. १) पाच सेकंद बघून फोन उलटा ठेवा. काय दिसलं? २) डीपीत नाव वाचता येतं का? कुठलं अक्षर अडतं? ३) शिक्क्यात कुठला भाग बुजतो? रविवारी रात्रीपर्यंत लिहा. सोमवारी काय बदललं आणि काय नाही, ते इथंच सांगू. सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर मला वैयक्तिक मेसेज करा."

या वेळी लाईक ३१, उत्तरं फक्त १४. पण त्यातल्या सहा जणांना पुस्तक दिसलंच नाही, उडता पक्षी दिसला! तिघांनी शिक्क्यातली नेमकी जागा दाखवली. एका काकांनी लिहिलं, "बाळ, तुमचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत." खरंच होतं. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ही अक्षरं मराठी वळणाची होतात, ती निवडायची आमच्याकडून राहून गेली होती. आम्ही पानांच्या पाच रेघांच्या दोन केल्या, मधली शिवण जाड केली, अक्षरं बदलली. दोघांनी निळा रंग मागितला, दोघांनी लाल. ती आवड झाली, त्यावर काही बदललं नाही, आणि सोमवारी तसं कारणासकट सांगितलं.

उत्तर कामाचं आहे का, हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे: ते वाचून चित्र काढणाऱ्याला उद्या हात चालवता येतो का? 'भारी'वर नाही येत. 'पक्षी वाटला'वर येतो. आणि तरी कोणी 'मस्त' लिहिलंच, तर रागवू नका. खाली विचारा, "पहिल्यांदा नजर कुठं गेली?" बरेच जण मग बोलायला लागतात.

विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. २०१० च्या ऑक्टोबरात गॅप या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीनं लोगो बदलला. लोक चिडल्यावर फेसबुकवर लिहिलं, तुमचीही डिझाइन दाखवा. काय ठरलंय आणि काय बदलता येईल, हे लोकांना कळेना. चिडून टीका झाली, थट्टेची चित्रं आली, आणि आठवडाभरात जुना लोगो परत आला. कंपनीला ते परवडलं असेल. आपल्या गटाला दुसरा शिक्काही परवडत नाही. म्हणून शिक्का करायला टाकण्याआधी विचारा.

आणि चौदा उत्तरं म्हणजे मतदान नव्हे. पक्षी सहाऐवजी दोघांनाच दिसला असता, तरी आम्ही ते चित्र पुन्हा तपासलं असतं. ती मैत्रीण तर पहिल्या वेळी एकटीच होती, आणि तिचंच बरोबर होतं.